साडीच्या फोटोचा मास्क: मॉडेलवर कुठवर विसंबावं आणि कडेला हात कसा घालावा

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानासाठी मी फोटो दुरुस्त करून देते. मध्यंतरी एक मोरपंखी रेशमी साडी आली. हातात घेतली की हिरव्याकडे झुकणारी, पण कॅमेऱ्यात सरळ निळी. दुकानातल्या काकूंची तक्रार अशी की फोटो बघून मागवणारं गिऱ्हाईक साडी उघडल्यावर म्हणतं, 'ही ती नव्हेच', आणि परत पाठवतं. म्हणून काम ठरलं: फोटोत फक्त साडीचा रंग हिरव्याकडे सरकवायचा. मॉडेलिंग करणाऱ्या मुलीची त्वचा, ब्लाउज, मागचा राखाडी कागद, कशालाही धक्का लावायचा नाही.

साडीचा मास्क मी सेगमेंटेशन मॉडेलकडून काढून घेतला, कडा जरा मऊ केल्या, रंग सरकवला आणि पाठवून दिला. काकूंनी मोबाईलवर बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाल्या, "अगं, हिच्या मनगटाला हिरवं लागलंय बघ. साडीचा रंग जातो असं वाटेल लोकांना."

खरंच लागलं होतं. पदर धरलेल्या हाताच्या मनगटावर हिरवट झाक होती. ती तिथे का आली आणि आता ती येऊ नये म्हणून मी काय करते, ते इथे लिहिते.

मास्क म्हणजे मूळ फोटोएवढ्याच लांबी-रुंदीचं दुसरं, फक्त काळं-पांढरं चित्र. जिथे साडी तिथे पांढरं, जिथे साडी नाही तिथे काळं. रंग बदलण्याची आज्ञा पांढऱ्या भागात चालते, काळ्यात चालत नाही. पूर्वी हे सगळं पेन टूलने पाथ मारून हाताने करायचो आणि निऱ्या-पदर असलेल्या एका फोटोला सहज पाऊण तास जायचा. सेगमेंटेशन मॉडेल हेच काम काही सेकंदांत करतं. फोटोतला प्रत्येक पिक्सेल कशाचा आहे, हे ते ठरवतं.

खास कपड्यांसाठी शिकवलेली मॉडेल मिळतात, पण त्यांची यादी आधीच ठरलेली असते. माझ्याकडे होतं त्याला १८ नावं माहीत होती: टोपी, केस, वरचा कपडा, स्कर्ट, पँट, ड्रेस, पट्टा, बूट, चेहरा, हात, पाय, पिशवी, स्कार्फ अशी. साडी त्यात नाहीच. मग आमच्या साडीचं त्याने काय केलं? निऱ्यांना स्कर्ट म्हटलं, छातीवरच्या पदराला वरचा कपडा म्हटलं आणि खांद्यामागचा पदर स्कार्फमध्ये टाकला. ब्लाउजही वरच्या कपड्यातच गेला. हे तुकडे जोडून साडी होत नाही, कारण ब्लाउज वेगळा काढायला जागाच उरत नाही.

म्हणून मी नावं न विचारणारं मॉडेल वापरते. मेटाने २०२३ च्या एप्रिलमध्ये 'सेगमेंट एनीथिंग' काढलं, ते या जातीचं. त्याला 'साडी कुठली' असं विचारत नाहीत. फोटोवर बोट ठेवून 'ही वस्तू हवी, ही नको' असं दाखवतात. साडीभोवती चौकट दिली, निऱ्यांवर आणि पदरावर 'हवं'चे ठिपके दिले, ब्लाउजवर आणि हातावर 'नको'चे.

```python
img = ImageOps.exif_transpose(Image.open("sari_014.jpg")).convert("RGB")
predictor.set_image(np.array(img))
masks, scores, logits = predictor.predict(
    point_coords=np.array([[1900, 2600], [1750, 4700], [1480, 2150]]),
    point_labels=np.array([1, 1, 0]),
    box=np.array([900, 1200, 3100, 5800]),
    multimask_output=False)
```

इथे 1 म्हणजे हवं, 0 म्हणजे नको. पहिल्या ओळीतलं `exif_transpose` विसरू नका. कॅमेरा उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो आणि 'हा फिरवून दाखव' अशी चिठ्ठी फाईलमध्ये असते. फोटोशॉप ती चिठ्ठी वाचतं, आपला प्रोग्रॅम वाचतोच असं नाही. मग मास्क आडवा आणि फोटो उभा अशी गत होते.

शेवटच्या ओळीत `False` दिलं तर एकच मास्क मिळतो. एकच ठिपका दिलेला असेल तर `True` बरं. मग मॉडेल तीन मास्क देतं, कारण पदरावरच्या एका ठिपक्याचा अर्थ 'फक्त काठ', 'पदर' किंवा 'अख्खी मुलगी' असा काहीही होऊ शकतो. पुरेसे ठिपके दिले की तो गोंधळ राहत नाही.

पहिल्या नजरेला मास्क सुरेख दिसला. बाहेरची रेघ गुळगुळीत, निऱ्या सगळ्या आत. इथेच मी फसले होते.

आमचा फोटो ४००० बाय ६००० पिक्सेलचा. मॉडेल तो तेवढ्या आकारात बघत नाही. आधी त्याची लांब बाजू १०२४ पिक्सेलवर आणतं, आणि मास्क तर त्याहून लहान, २५६ बाय २५६ चौकटींच्या जाळीवर काढतं. नंतर ती जाळी ताणून मूळ फोटोएवढी करतं. आता ६००० ला २५६ ने भागा. साधारण २३ येतात. म्हणजे मॉडेलच्या जाळीची एक चौकट मूळ फोटोतल्या २३ बाय २३ पिक्सेलवर पसरलेली आहे.

ज्यांनी दुसुतीवर भरतकाम केलंय त्यांना हे लगेच कळेल. दुसुतीवर गोल फूल भरायचं तर टाका चौकटीतच पडतो. चौकट बारीक असली तर फूल गोल दिसतं, मोठी असली तर पायऱ्या पडतात. मॉडेलची दुसुती अशीच जाड आहे. फक्त ताणताना मधल्या किमती हळूहळू बदलत नेलेल्या असतात, म्हणून पायऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि कड गुळगुळीत वाटते. तो गुळगुळीतपणा ताणल्यामुळे आलेला असतो, कापडाची खरी कड बघून आलेला नसतो. मनगटापाशी साडीची कड नेमकी कुठे संपते ते मॉडेलने तेवढ्या जवळून पाहिलेलंच नव्हतं. तिथे रेघ दहाएक पिक्सेल त्वचेवर चढली होती. वर मी कडा 'मऊ' करायला ५ पिक्सेलचा फेदर दिला, त्याने ती आणखी पसरली. काकूंना दिसलेलं हिरवं ते हेच.

पदराच्या गोंड्यांचं तर विचारूच नका. गोंड्याचा एक धागा आमच्या फोटोत तीन-चार पिक्सेल रुंद होता. २३ पिक्सेलच्या चौकटीत त्याला जागा कुठली? मॉडेलने सगळे गोंडे मिळून एक गोलसर फुगवटा काढला, धाग्यांमधल्या राखाडी कागदासकट.

यावरून माझी कामाची पद्धत ठरली. मास्कच्या आतल्या भागावर विश्वास ठेवायचा, बाहेरच्या भागावरही ठेवायचा, पण कडेलगतचा एक पट्टा संशयाचा मानायचा आणि सगळे कष्ट त्या पट्ट्यातच करायचे. पट्टा काढायला मास्क थोडा आत आकसायचा, थोडा बाहेर फुगवायचा आणि दोन्हींमधला फरक घ्यायचा.

```python
m = masks[0].astype(np.uint8) * 255
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_ELLIPSE, (25, 25))
sure_in  = cv2.erode(m, k)
sure_out = cv2.dilate(m, k)
band = cv2.subtract(sure_out, sure_in)
```

२५ चा आकडा जाळीवरून येतो. चौकट २३ पिक्सेलची, म्हणजे रेघ दोन्ही बाजूंना निदान अर्ध्या चौकटीने, साधारण १२ पिक्सेलने चुकू शकते. फोटो लहान असेल तर हा आकडाही लहान घ्यायचा. आमच्या साडीची बाहेरची रेघ सगळी वळणं धरून अंदाजे १५,००० पिक्सेल लांब होती. पट्टा २४ रुंद, म्हणजे तपासायचे पिक्सेल साडेतीन लाखांच्या आसपास. अख्ख्या फोटोत २ कोटी ४० लाख पिक्सेल आहेत. म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघायचा भाग जेमतेम दीड टक्का.

हाताने दुरुस्ती करण्याआधी एक गोष्ट मॉडेलकडूनच सुधारून घेता येते. अख्खा फोटो देण्याऐवजी कडेचा तुकडा कापून द्यायचा. १५०० पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यात जाळीची एक चौकट ६ पिक्सेलची होते, म्हणजे दुसुती चौपट बारीक. मनगटाचा तुकडा असा वेगळा दिला तेव्हा रेघ त्वचेवरून बरीचशी मागे सरकली. पण तुकडा फार लहान कापला तर मॉडेलला ही साडी आहे याचा अंदाजच राहत नाही. ५०० पिक्सेलच्या तुकड्यात त्याने जरीचा काठ एवढाच 'वस्तू' म्हणून उचलला आणि रेशीम मागे सोडलं. म्हणून तुकड्यात साडीचा, त्वचेचा आणि कागदाचा पुरेसा भाग येईल असं बघायचं आणि ठिपके नव्याने द्यायचे.

त्यानंतर मी मास्कची रेघ एका पिक्सेलच्या जाडीने फोटोवर उमटवते, २०० टक्के झूम करते आणि डाव्या खांद्यापासून सुरुवात करून अख्ख्या साडीला प्रदक्षिणा घालते. इकडे थोडं, तिकडे थोडं असं बघितलं की काहीतरी हमखास सुटतं. या साडीच्या प्रदक्षिणेत जे सापडलं ते असं.

खांद्यावर केसांच्या तीन-चार बटा पदरावर आल्या होत्या. मॉडेलने त्या साडीत धरल्या. काळ्या केसांचा रंग थोडा हिरवट झाला तरी कुणाला दिसणार नाही, म्हणून तिथे मी वेळ घालवला नाही. पिवळ्या साडीवर असते तर घालवला असता.

कमरेवर ठेवलेल्या हाताच्या कोपराआड कागदाचा एक त्रिकोण दिसत होता. मास्कमध्ये तो भरून गेला होता. तिथे 'नको'चा एक ठिपका दिला आणि त्रिकोण मोकळा झाला.

मुलीच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्यातल्या पदराला टेकलेल्या दोन मास्कमध्ये शिरल्या होत्या. रंग इतका जवळचा की मलाही आधी दिसल्या नाहीत. काचेवरची चमक बघितली तेव्हा कळलं. त्या ब्रशने काढल्या, कारण इतक्या बारीक वस्तूवर ठिपका दिला तर मॉडेल बांगडीबरोबर पदराचाही लचका तोडतं.

जरीच्या काठावर लाइटची चमक पडून काही ठिपके पांढरेफटक झाले होते. मॉडेलने त्यांना कागद समजून मास्कमध्ये भोकं पाडली. अशी भोकं बुजवायची आज्ञा असते, पण ती सरसकट चालवली तर कोपराचा मोकळा केलेला त्रिकोणही पुन्हा बुजतो. म्हणून आधी भोकांची क्षेत्रफळं मोजते, ४०० पिक्सेलपेक्षा लहान तेवढीच बुजवते आणि मोठी एकेक डोळ्यांनी बघते.

आणि खाली घोळाशी सावली. निऱ्यांची सावली कागदावर पडते तिथे कापड संपून सावली कुठे सुरू होते हे उजेडावरून कळत नाही. मास्क सावलीत पंधराएक पिक्सेल उतरला होता. विणीकडे बघितलं की उलगडा होतो: कापडावर काठाची वीण दिसते, सावलीवर कागदाचा पोत. तिथे मी सरळ पाथ मारते. सरळ, ताठ कडेला पेन टूलसारखं दुसरं काही नाही.

एवढं झालं की कड जागेवर येते. पण ती किती मऊ असावी हा प्रश्न वेगळा आहे, आणि मनगटाची गोष्ट खरी त्यातच अडकलेली आहे.

कडेवरचा पिक्सेल पूर्ण साडीचा किंवा पूर्ण कागदाचा असतोच असं नाही. कॅमेऱ्याच्या त्या एका ठिपक्यात थोडं कापड आणि थोडा कागद दोन्ही पडतात आणि रंग मिसळून नोंदला जातो. हिशोब साधा आहे:

```
C = αF + (1 − α)B
```

C म्हणजे दिसणारा रंग, F साडीचा, B मागचा, आणि α म्हणजे त्या पिक्सेलमधला साडीचा वाटा. कडेजवळचा एक पिक्सेल घेऊ. तीन रंगांपैकी एकाचीच किंमत बघू. आत साडीची किंमत ९०, बाहेर कागदाची २००, आणि मधल्या पिक्सेलची १५६. कागदापासून साडीपर्यंतचा उतार ११० चा, त्यातला हा पिक्सेल ४४ उतरला आहे. ४४ ला ११० ने भागलं की ०.४. म्हणजे त्यात साडी ४० टक्के.

आता साडीचा रंग ३० ने सरकवायचा असेल तर हा पिक्सेल १२ नेच सरकायला हवा. काळ्या-पांढऱ्या मास्कमध्ये तो एकतर ३० ने सरकेल किंवा अजिबात सरकणार नाही. दोन्ही वेळा कडेला बारीक रेघ उमटते. उलट जास्त फेदर दिला तर ज्यांच्यात साडी शून्य आहे असे त्वचेचे पिक्सेलही सरकतात. म्हणून मास्कची कड फोटोतल्या कडेइतकीच मऊ हवी. आमच्या फोटोत मनगटापाशी फोकस अचूक होता. कापडाकडून त्वचेकडे जाणारा बदल दोन पिक्सेलांत संपत होता, तिथे दोनचाच मऊपणा दिला. पाठीमागे लोंबणारा पदर मात्र फोकसच्या बाहेर होता. तिथे तोच बदल दहाएक पिक्सेलांत पसरला होता, तर मास्कही तेवढाच पसरवला. अख्ख्या मास्कला एकच फेदर ही सवय मी तेव्हापासून सोडली.

गोंड्यांना हेच तत्त्व लागतं, पण ते हाताने होत नाही. तिथे मॅटिंग वापरते. 'हे नक्की साडी', 'हे नक्की कागद' आणि 'हे तू ठरव' असे तीन भाग करून दिले की प्रोग्रॅम मधल्या प्रत्येक पिक्सेलचा α काढतो. गोंड्यांचा तुकडा वेगळा कापला, संशयाचा भाग ब्रशने गोंड्यांच्या टोकांपलीकडे नेला, आणि:

```python
from pymatting import estimate_alpha_cf
trimap = np.full(m_crop.shape, 0.5)
trimap[in_crop == 255] = 1.0
trimap[out_crop == 0] = 0.0
alpha = estimate_alpha_cf(img_crop / 255.0, trimap)
```

संशयाचा भाग हाताने वाढवावा लागतो, कारण पट्टा रेघेच्या बाहेर १२ पिक्सेलच जातो, गोंड्यांच्या टोकांपर्यंत पोचत नाही. मॉडेलने जे धागे पाहिलेच नाहीत ते पट्ट्याच्या बाहेर राहतात आणि 'नक्की कागद' ठरतात. मागे साधा राखाडी कागद होता म्हणून धागे सुंदर सुटे झाले. तेच गोंडे साडीच्याच निऱ्यांवर पडले असते तर F आणि B एकाच रंगाचे झाले असते आणि या हिशोबाला धरायला काहीच उरलं नसतं. म्हणून आता फोटो काढतानाच मी पदर बाजूला धरायला सांगते.

मास्क बरोबर झाला हे कसं ओळखायचं? मॉडेल स्वतः एक गुण देतं. आमच्या मास्कला ०.९७ मिळाले होते, मनगट आणि गोंडे बिघडलेले असतानाही. तो गुण म्हणजे आपला मास्क खऱ्या आकाराशी किती जुळेल याचा मॉडेलचा स्वतःचा अंदाज. आणि जुळणी मोजतात ती क्षेत्रफळावर. साडीचे ५० लाख पिक्सेल आणि गोंड्यांचे ४० हजार धरले, तर सगळे गोंडे कापून टाकले तरी जुळणी ९९.२ टक्के राहते. गिऱ्हाइकाची नजर जिथे जाते, तिथे क्षेत्रफळ नगण्य असतं.

म्हणून मी भगवी चाचणी करते. मास्कच्या आतली साडी काही क्षणांसाठी भडक भगवी करते. मास्क जिथे बाहेर सांडला असेल तिथे मनगटावर, कागदावर, बांगडीवर भगवं दिसतं. जिथे कमी पडला असेल तिथे भगव्याच्या कडेला मोरपंखी धागा उरतो. मोरपंखीवर थोडा हिरवा सरकवताना जी चूक लपते, ती भगव्यात लपूच शकत नाही. सावलीत एक जागा मला त्यातच सापडली, प्रदक्षिणा घालूनही सुटलेली. त्यानंतर साडी कापून एकदा काळ्यावर आणि एकदा पांढऱ्यावर ठेवून बघते. काळ्यावर राखाडी कागदाची किनार चमकते, पांढऱ्यावर सावलीचे अवशेष दिसतात. नुसता रंग सरकवायचा असेल तर ही किनार चालते, कारण कागद तोच राहतो. पार्श्वभूमी बदलायची असेल तर α पुरत नाही, कडेच्या पिक्सेलमधून कागदाचा रंगही वजा करावा लागतो. त्यासाठी `pymatting` मध्ये `estimate_foreground_ml` आहे.

झालेला मास्क पीएनजीमध्ये साठवते. जेपीईजी कडेभोवती किड्यांसारखे ठिपके सोडतं, आणि त्या दोन पिक्सेलांच्या मऊपणासाठी घेतलेली सगळी मेहनत त्यात जाते.

दुरुस्त फोटो काकूंनी पुन्हा मोबाईलवर मोठा केला. मनगट बघितलं, मग साडी दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन फोटोशेजारी धरली. "आता हीच ती," म्हणाल्या, आणि कपाटातून एक शिफॉन काढून समोर ठेवली.

शिफॉनला ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तिथे कडेलाच नव्हे, आतसुद्धा प्रत्येक पिक्सेलमध्ये त्वचेचा वाटा असतो, आणि 'नक्की साडी' म्हणावी अशी जागा फक्त निऱ्यांमध्ये सापडते, जिथे कापडाचे बरेच थर एकावर एक येतात. त्या साडीचे मी दोन मास्क केले: निऱ्यांचा पूर्ण पांढरा, आणि दंडावरून जाणाऱ्या एकपदरी पदराचा राखाडी, म्हणजे रंग तिथे अर्धाच सरकेल असा. पदराचा तो अर्धा आकडा प्रत्यक्ष साडी हातावर धरून, डोळ्यांनी ठरवला.